अर्ध्या ओळीची परीक्षा

उद्या सकाळी दहा वाजता आत्याच्या डोळ्यावरची पट्टी निघणार होती, आणि माझ्या हातात एक ओळ नव्हती.

आधी आत्या कोण ते सांगते, म्हणजे माझी तारांबळ कळेल. आमच्या छापखान्यात शुभेच्छापत्रं छापली जातात. दुकानांची, शाळांची, लग्नाची, बढतीची, कशाचीही. छापायला जाण्याआधी प्रत्येक मजकूर एका टेबलावर थांबतो, आणि त्या टेबलामागे आत्या तीस वर्षं बसली. हातात लाल पेन्सिल. छापखान्यात तिचं नावच लाल पेन्सिल. मी तिच्या भावाची मुलगी, त्याच छापखान्यात संगणकावर कार्डं मांडते. आई-बाबा गेल्यापासून तिच्याच घरी राहते. ती मला घाईबाई म्हणते, आणि त्यात खोटं काही नाही.

आत्या नुसत्या चुका काढायची नाही. ती शिळ्या ओळी काढायची. तिच्या खणात एक जाडजूड वही होती, वरती लिहिलेलं 'मेलेल्या ओळी'. 'जीवन तेजोमय होवो' मेलेली. 'आनंदाचा प्रकाश पसरो' मेलेली. 'नात्यांत गोडवा राहो', 'अंधार सरो', 'साखरेसारखे गोड क्षण', सगळ्या मेलेल्या, आणि प्रत्येकीपुढे तारीख. मालक कपाळाला हात लावायचे. गिऱ्हाइकाला तेच हवं असतं, लाल पेन्सिल, असं विनवायचे. अर्ध्या वेळा मालक जिंकायचे, तेव्हा आत्या त्या कार्डावर सही करायची नाही.

तर अशा बाईला दिसेनासं झालं, आणि ते तिने वर्षभर आम्हाला कळू दिलं नाही.

तिचा उजवा डोळा लहानपणीच गेलेला. सगळं काम डाव्यावर चालायचं, आणि त्या डाव्यात मोतीबिंदू पिकत गेला. तिने कसं निभावलं? त्याच मेलेल्या ओळींच्या जोरावर. कार्डाचा आकार हाताला कळायचा, कडेची वेलबुट्टी अंधुक दिसायची, आणि मजकूर तर तोच तो. जन्मभर जिच्याशी भांडली तीच शिळी ओळ तिला तोंडपाठ होती. ती घडाघडा म्हणून दाखवायची, आम्ही मान डोलवायचो.

दोन महिन्यांपूर्वी ते उघडं पडलं. मिठाईवाल्याचं कार्ड तपासायला द्यायचं होतं. मी घाईत भलतंच कार्ड तिच्यापुढे ठेवलं. तोच आकार, तीच किनार. आत्याने ते डोळ्यांजवळ धरलं आणि मालकांसमोर खणखणीत आवाजात वाचलं, की आपले जीवन दिव्यांनी उजळो आणि मिठाईने गोड होवो. मग नाक मुरडलं आणि सही न करता बाजूला ठेवलं. मी कार्ड उचललं. ते चपलांच्या दुकानाचं होतं. दुरुस्तीच्या कामामुळे दुकान तीन दिवस बंद राहील, एवढंच त्यावर होतं.

कुणी हसलं नाही. मालकांनी माझ्या हातातलं कार्ड वाचलं, आत्याकडे पाहिलं, आणि चहा सांगायला स्वतः बाहेर गेले. आत्याला तेवढ्यावरून कळलं. तिने खणातून लाल पेन्सिल काढली आणि माझ्या हातात दिली. मी परत घेणार आहे, टोक काढून काढून संपवू नकोस, असं म्हणाली. त्या दिवसापासून ती घरी होती.

डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं होतं, मोतीबिंदू फार जुना झालाय, काढू, पण मागचा पडदा कितपत चांगला आहे ते आता दिसत नाही. काढल्यावरच कळेल. म्हणजे वाचता येईल किंवा येणार नाही. आत्याचं टेबल, तिची वही, तिचा सगळा रुबाब त्या एका डोळ्यावर येऊन थांबला होता.

ऑपरेशन झालं त्या दिवशी दुपारी मी तिला घरी आणलं. जिना चढताना तिचा हात माझ्या खांद्यावर होता. वर आल्यावर ती खुर्चीत बसली, पट्टी चाचपली आणि म्हणाली, "उद्या पट्टी निघाली की मला वाचायला काहीतरी हवं. मिठाईवाल्याचं नवं कार्ड अजून लिहून झालेलं नाही ना? ते तू लिही."

मी लिहू? मी म्हटलं, मी मांडणी करते, लिहीत नाही.

"दवाखान्यातला तो भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता मला पाठ आहे गं," ती हळूच म्हणाली. "वर्षभर डोळे तपासताना तोच म्हणून दाखवत होते. उद्याही म्हणून दाखवीन, आणि सगळे टाळ्या वाजवतील. शिळी ओळ लिहिलीस तर तीही म्हणून दाखवीन. मला माझीच खात्री राहिलेली नाही, घाईबाई. जी मला आधी माहीत असणार नाही अशी ओळ दे. ती वाचली, तरच मी वाचलं."

खरं सांगायचं तर माझ्या अंगात वारं संचारलं. आत्याने आजवर मला कार्डाच्या कडेचा ठिपकासुद्धा मनाने हलवू दिला नव्हता. मी तिला जेवायला वाढलं, औषधाची गोळी दिली, शेजारच्या काकूंना बसवलं आणि छापखान्याकडे जवळजवळ पळत सुटले.

मिठाईवाल्याचं मागणं ठरलेलं होतं. दुकानाला पंचवीस वर्षं होताहेत, दुकानभर दिवे लावणार आहेत, प्रत्येक डब्यात एक कार्ड जाणार आहे. दिवे हवेत, उजेड हवा, मिठाई हवी. आणि कार्ड दुसऱ्या दिवशी दुपारी यंत्रावर चढायला हवं.

मी आत्याच्या टेबलाशी बसले. तिची वही उघडली. मागच्या पानांवर तिने लिहिणाऱ्यांसाठी काही काही टिपून ठेवलं होतं. 'दिव्याला काम द्या. नुसता तेवत ठेवू नका.' 'मिठाई कुणाच्या तरी हातात असू द्या.' 'मोठा शब्द आला की खिडकीबाहेर बघा आणि लहान शब्द आणा.' 'डब्यातलं कार्ड उभ्याने वाचलं जातं, ओळ आठ अक्षरांची पुरे.' आणि खाली दोनदा रेघ मारून, 'अर्धी ओळ वाचा आणि थांबा. समोरच्याने पुरी केली, तर ओळ मेली.'

ही परीक्षा घ्यायला मालकांसारखा माणूस नाही. त्यांच्या डोक्यात चाळीस वर्षांची कार्डं साचलेली आहेत. मी कागद पुढे ओढला आणि बोटांवर अक्षरं मोजायला लागले. आठ अक्षरांचा हिशेब सोपा आहे. जोडाक्षर असलं तरी एकच धरायचं, काना-मात्रा मोजायच्या नाहीत, म्हणून पाहिलं की आपोआप मधे एक ठेका पडतो. सोपं नाही ते पुढचं.

पंधरा मिनिटांत पहिली ओळ झाली. मी मालकांच्या खोलीत गेले आणि म्हटलं, "लाख दिव्यांच्या साक्षीने..."

"उजळो तुमचे घर," मालक मान वर न करता म्हणाले.

मेली. मी परत आले. दुसरी घेऊन गेले. तुमच्या ओठी साखर, असं म्हणून थांबले, तर मालकांनी मनी सुख निरंतर हे असं जोडलं की जणू त्यांनीच लिहिली होती. तिसऱ्या वेळी मी चलाखी केली, दिव्याला चंद्र केलं आणि मिठाईला चांदणं. मालकांनी चष्मा काढला. म्हणाले, हे मी पुरं करू शकत नाही, पण मला कळलंही नाही. मिठाईवाल्याला कळेल का? मी म्हटलं, नाही. मग तेही गेलं. कुणाला पुरं करता येऊ नये म्हणून अवघड लिहिणं सोपं असतं, हे मला त्या दिवशी कळलं, आणि कार्डांसाठी असं लिहून आणणाऱ्या कवींना आत्या पायऱ्यांवरूनच का परत पाठवायची तेही कळलं.

सातव्या खेपेला मालक वैतागले. मीही वैतागले होते. चार वाजून गेले होते आणि कचऱ्याची टोपली भरली होती. मी त्यांना बोलून गेले की तुमच्या डोक्यात दुसरं काही शिरतच नाही. त्यावर ते रागावले नाहीत. उठून दाराशी आले आणि म्हणाले, "अगं, मला ठाऊक असलेलं सोडून तू दुसरं काय बघितलंस ते लिही ना. त्या दिव्यांत लाल पेन्सिल कुठे आहे?"

मी टेबलाशी परत आले.

आत्या आणि दिवे. वर्षभर मी काय पाहिलं होतं? मी घरी आले की आत्या दार उघडून उभी राहायची आणि मी काही बोलेपर्यंत चेहऱ्यावर हसू आणायची नाही. मला वाटायचं रागावलीय. तिला मी कोण तेच दिसत नसायचं. मी दिवाणखान्यात मोठा दिवा आणून लावला, तर म्हणाली, एवढा झगमगाट कशाला, समोर कोण उभं आहे ते कळलं की झालं.

माझा हात कागदावर गेला. 'दिवा एवढाच हवा.' मोजलं. दि-वा-ए-व-ढा-च-ह-वा. आठ. 'समोरचा ओळखावा.' तेही आठ.

मग जिना आठवला. चढताना ती तुरुतुरु चढायची. उतरताना मात्र प्रत्येक पायरीवर पाय पुढे करून चाचपायची, आणि मी घाईत चार पायऱ्या पुढे गेलेली असायचे. हात द्यायला हवा होता तो मी दिला नाही. आता उजेडाकडून देववला. 'उतरत्या पायरीला उजेडाने हात द्यावा.' आठ आणि आठ. मी घाईघाईने लिहीत होते. कागदावर अक्षरं वाकडी पडायला लागली.

मिठाई राहिली. मिठाई कुणाच्या तरी हातात असू द्या, असं वही म्हणत होती. आमच्या घरी मिठाईचा डबा आला की शेवटचा तुकडा कधी खाल्ला जात नाही. मी आत्याला ठेवते, आत्या मला ठेवते, आणि आठवड्याने तो मुंग्यांना जातो. मग आम्ही एकमेकींवर खेकसतो. हे मी कुठल्याही कार्डावर वाचलेलं नव्हतं. 'गोड तुकडा डब्यात दुसऱ्यासाठी उरावा.'

मी पळत मालकांकडे गेले आणि दारातच म्हटलं, "दिवा एवढाच हवा..."

मालकांनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. "कळेना बुवा," ते म्हणाले. "एवढाच म्हणजे केवढा?"

मी पुढची ओळ म्हटली. उतरत्या पायरीला, असं म्हणून मी थांबले, तेव्हा त्यांनी हातानेच विचारलं, पुढे. शेवटी डब्यातला तुकडा आला तेव्हा ते हसले आणि त्यांच्या घरी तो तुकडा कोण कुणासाठी ठेवतं हे सांगायला लागले. पाच मिनिटं थांबेनात. त्यांनी मिठाईवाल्याला फोन लावून वाचून दाखवलं. त्याने आधी विचारलं की यात शुभेच्छा हा शब्द कुठे आहे. मालक म्हणाले, शब्द नाही, शुभेच्छा आहे. मग मिठाईवाला पुन्हा एकदा वाचा म्हणाला. तिसऱ्यांदा वाचल्यावर म्हणाला, छापा.

मी कार्ड मांडलं. नेहमीच्या आकारात, नेहमीच्या किनारीत, आणि अक्षरंही मुद्दाम नेहमीएवढीच ठेवली. मोठी केली असती तर आत्याने मला घराबाहेर काढलं असतं. एक प्रत छापून पाकिटात घातली. घरी गेल्यावर आत्याने चारदा विचारलं, झालं का. मी एवढंच म्हटलं, झालंय. एकही शब्द तोंडातून निसटू नये म्हणून मी जेवतानासुद्धा ओठ दाबून होते.

सकाळी दहा वाजता दवाखान्यात मदतनीस ताईंनी पट्टी सोडवली. आत्याने डोळा उघडला, मिचकावला, पुन्हा उघडला. मी तिच्या अगदी समोर उभी होते.

"केस कापलेस," ती म्हणाली. "विचारलंही नाहीस."

केस कापून तीन महिने झाले होते. मला हसावं की रडावं कळेना. पण चेहरा दिसणं वेगळं आणि कार्डावरचं चौदा पॉइंटचं बारीक अक्षर दिसणं वेगळं, हे आम्हा दोघींना माहीत होतं. डॉक्टरीणबाईंनी तिला भिंतीवरच्या तक्त्यापुढे बसवलं. बोट ठेवायच्या आधीच आत्याने वरपासून खालपर्यंत सगळा तक्ता म्हणून टाकला. छान, म्हणाल्या डॉक्टरीणबाई. आत्याने माझ्याकडे पाहिलं. ते छान तिच्या काही उपयोगाचं नव्हतं.

मी सांगितलं की तिला तक्ता पाठ आहे, जवळचं नवं काहीतरी वाचून घ्या. डॉक्टरीणबाईंनी तपासणीची ती जड चौकट तिच्या नाकावर चढवली, भिंगं बदलत राहिल्या, आत्या हे बरं, ते नको, असं सांगत राहिली. शेवटी एका भिंगावर थांबली. मी पाकिटातून कार्ड काढून तिच्या हातात दिलं.

तिने ते धरलं. अंगठा किनारीवरून फिरला. ओठ हलले नाहीत.

मी मनात मोजत होते. दहा. वीस. मला वाटलं, आता ती तेजोमय म्हणेल. आता ती उजळो म्हणेल, आणि मग मी काय करू, हे मी रात्रभर ठरवलं होतं तरी त्या क्षणी काही आठवेना. आत्याने कार्ड जरा दूर केलं, जरा जवळ घेतलं.

"दिवा," ती म्हणाली. थांबली. हे तर कुणीही म्हणालं असतं. मिठाईवाल्याच्या कार्डावर दुसरं काय असणार.

"दिवा ए-व-ढा-च हवा." एकेक अक्षर सुटं सुटं आलं, पहिलीतल्या मुलीने वाचावं तसं. "समोरचा... ओळखावा."

मी खुर्चीची पाठ घट्ट धरली. आत्या पुढे निघाली होती. "उतरत्या पायरीला उजेडाने," आणि इथे तिचा आवाज अडला. मला वाटलं दिसेना झालं. पण तिची नजर कार्डावर नव्हती, माझ्याकडे होती. "हात द्यावा," ती खाली न बघताच म्हणाली. मग स्वतःवरच चिडून कार्ड पुन्हा वर धरलं. "नाही, हे मी वाचलेलं आहे. अंदाजाने म्हटलेलं नाही. आधी वाचलं, मग तुझ्याकडे बघितलं."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळ्याला पाणी लागू देऊ नका हं. आत्या म्हणाली, मी लावत नाहीये, ही पोरगी लावतेय. तिने बाकीच्या दोन ओळी वाचल्या, या वेळी सलग. मग पुन्हा वरपासून मनात वाचल्या. बोटं मांडीवर आठपर्यंत मोजत होती, सहा वेळा. आणि मग तिच्या भुवया एकत्र आल्या. ती आठी मी वर्षभर पाहिली नव्हती. मेलेल्या ओळी म्हणताना ती आठी लागत नाही.

तिने माझ्यापुढे हात केला.

"पेन्सिल."

ती माझ्या पर्समध्येच होती. टोक मी एकदाही काढलेलं नव्हतं. आत्याने कार्ड मांडीवर ठेवलं, पाचव्या ओळीवर वाकायला गेली, तर मदतनीस ताई ओरडल्या, वाकायचं नाही. मग तिने कार्ड माझ्या पाठीवर धरलं आणि मला उभी राहा म्हणाली. पेन्सिलीची ती छोटीशी रेघ मला कुर्त्यातून पाठीला जाणवली.

"मिठाईच्या डब्यातला तुकडा गोडच असणार," आत्या मागून म्हणाली. "ते कशाला सांगायचं? वाचणाऱ्याला काय खुळा समजतेस?"

मी वळून कार्ड हातात घेतलं. 'गोड'वर तांबडी रेघ होती. वर, जरा थरथरत्या पण ओळखू येणाऱ्या अक्षरात, 'एक' लिहिलं होतं. एक तुकडा डब्यात, दुसऱ्यासाठी उरावा. अक्षरं आठच. आता तो एकच तुकडा होता, शेवटचा, आमच्या घरातल्यासारखा. आणि कार्डाच्या कोपऱ्यात आत्याची सही होती.

मी तिथेच तिच्या गळ्यात पडून रडले. मला खूप आनंद झाला होता, आणि तो कसा ठेवावा ते कळत नव्हतं. आत्याने माझी पाठ थोपटली, आणि थोपटता थोपटता विचारलं, यंत्रावर कधी चढतंय हे.

मी मालकांना फोन लावला. ते तासभर फोनपाशीच बसून असणार, कारण अर्ध्या घंटीत उचलला. त्यांनी दोनदा विचारलं, दिसतंय का, वाचता आलं का, अगं बोल की.

"कार्ड अजून यंत्रावर चढवू नका," मी म्हटलं. "पाचव्या ओळीत एक दुरुस्ती आलीय."

मग मालकांनी फोन न ठेवताच आत ओरडून कुणाला तरी सांगितलं की लाल पेन्सिलीचं टेबल पुसून ठेवा.